हजेरीपटावरची चौदावी मुलगी

"मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग, २३ मुलं. एप्रिलअखेर माझी बदली होतेय. प्रत्येक मुलाला एक छोटं पत्र आणि काहीतरी आठवण द्यायची आहे. घरचे म्हणतात स्टीलच्या बाटल्या दे. शाळेच्या अंगणात ओवळाचं, म्हणजे बकुळीचं झाड आहे, त्याचं काही करता येईल का असंही मनात येतं. पत्रं लिहायला बसले तेव्हा पंधरा-सोळा मुलांची सहज सुचली, पण सहा-सात मुलांपुढे पेन अडलं. त्यांच्याबद्दल लिहायला काही सापडतच नाही आणि मला स्वतःची लाज वाटते. सगळ्यांना एकच चांगला मजकूर छापून दिला तर चालेल का?"
— वाळपईजवळच्या एका गावातल्या शिक्षिका

टीचर, छापू नका. मी एकदा छापलं होतं, म्हणून इतकं थेट सांगते.

माझी पहिली बदली झाली तेव्हा वर्गात ३१ मुलं होती. रात्री जागून मी आठ ओळींचा मजकूर लिहिला, कडेने वेलबुट्टी काढली, झेरॉक्स काढून आणल्या आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात एक कागद, एक पेन्सिल ठेवली. मुलं आनंदाने बाहेर पळाली. पायऱ्यांवर दुसरीतली दोघं, एक मुलगा आणि एक मुलगी, कागद मांडीवर घेऊन बसली होती. कुणाचा तरी धक्का लागला आणि दोन्ही कागद खाली पडले. मुलीने ते उचलले. एक पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला आणि दोन्ही घेऊन माझ्याकडे आली. "टीचर, हांतलें म्हजें खंयचें?" यातलं माझं कुठलं? मी दोन्ही कागद हातात घेतले आणि मलाही सांगता आलं नाही. तिने त्यातला एक उचलला आणि गेली. त्या प्रश्नानंतर मी बदली झालेल्या कुठल्याही शाळेत एक मजकूर सगळ्यांना दिला नाही.

म्हणून तुमच्या २३ पत्रांची कसोटी मी एवढीच धरते: वरचं नाव झाकलं तरी ते पत्र कुणाचं आहे हे वर्गातल्या दुसऱ्या मुलाला ओळखता आलं पाहिजे. पत्र मोठं असण्याची गरज नाही. चौथीला ३०-३५ शब्द, तिसरीला २५-३० पुरे. त्यात एक वाक्य असं हवं, जे बाकीच्या २२ जणांना लागू पडणार नाही. उरलेली दोन-तीन वाक्यं सगळ्यांची सारखी असली तरी बिघडत नाही.

आता त्या सहा-सात मुलांबद्दल. लाज वाटून घेऊ नका, पण ती मुलं नेमकी कोण आहेत ते नीट बघा. बहुतेक ती रोज शाळेत येणारी, मधल्या रांगेत बसणारी, दिलेलं काम पुरं करणारी मुलं असतील. तुमचा वर्ग जोडवर्ग आहे. तुम्ही चौथीला फळ्यावर भागाकार शिकवता तेव्हा तिसरीला मुकाट्याने काहीतरी लिहीत बसावं लागतं, आणि उलटंही. जी मुलं ही मुकाट्याने बसण्याची पाळी नीट निभावतात त्यांच्याकडे आपण पाहत नाही, कारण त्यांच्याकडे न पाहता आलं तरच दुसऱ्या इयत्तेला शिकवता येतं. दोन इयत्ता एका खोलीत चालल्या त्या या मुलांच्या जिवावर. तेव्हा पत्र लिहिताना त्यांच्यासाठी वेगळा वेळ काढणं हे आपण त्यांचं देणंच लागतो, असं मला वाटतं.

वेळ कसा काढायचा ते सांगते. एका कागदावर हजेरीपटाच्या क्रमाने १ ते २३ आकडे घाला. प्रत्येक आकड्यापुढे त्या मुलाने केलेली एक गोष्ट लिहा. हुशार, गुणी, शांत, खोडकर हे शब्द या कागदावर येऊ द्यायचे नाहीत. वाक्याच्या शेवटी क्रियापद हवं, आणि ते डोळ्यांनी पाहता येईल असं हवं: उचलतो, पुसते, मागे वळून बघतो, ओरडून सांगते. ज्या आकड्यांपुढे कागद कोरा राहील त्यांना गोल करा. मग रोज दोनच गोल घ्यायचे आणि दिवसभरात त्या दोघांना पाच-सहा वेळा बघायचं. सात मुलांना चार दिवस लागतील. पण तास चालू असताना बघू नका. तासाला ही मुलं वर्गातल्यासारखी वागतात, म्हणूनच ती इतके दिवस दिसली नाहीत. ती दिसतात चपला काढताना, नळावर, माध्यान्ह आहाराच्या रांगेत, पाऊस आला म्हणून सगळे व्हरांड्यात दाटीने उभे राहतात तेव्हा, आणि शाळा सुटल्यावर घरचं कुणी न्यायला यायच्या आधीच्या दहा मिनिटांत.

माझ्या शेवटच्या शाळेत हजेरीपटावर चौदाव्या नंबरला एक मुलगी होती. तिसरीतली. वही स्वच्छ, गैरहजेरी नाही, हात वर करत नसे. पहिल्या दिवशी मी तिला पाच वेळा पाहिलं आणि कागदावर काही चढलं नाही. दुसऱ्या दिवशी पाव-भाजी होती. बचत गटाची बाई वाढत होती आणि ही ताट घेऊन उभी होती. पाव हातात पडल्यावर तिने तो जवळ नेऊन वास घेतला, मग पहिलीतल्या एका मुलाच्या ताटातल्या पावाचा वास घेतला आणि स्वतःचा त्याला देऊन त्याचा घेतला. त्याचा पाव एका बाजूने करपलेला होता. त्या मुलाला यातलं काही कळलंही नाही. तो तिचा भाऊ असेल म्हणून मी विचारून घेतलं, तर तिच्या वाड्यावरचासुद्धा नव्हता.

त्या रात्री मी तिचं पत्र लिहायला घेतलं. पहिल्यांदा जे हातातून उतरलं ते असं: "तू खूप शांत आणि गुणी मुलगी आहेस. अशीच राहा." हे मी किमान चार मुलींना लिहू शकले असते. शिवाय "अशीच राहा" म्हणजे पुढेही हात वर करू नकोस, असा अर्थ होतो. ते खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं: "तू सगळ्यांना मदत करतेस." हे खरं नव्हतं. सगळ्यांना मदत करताना मी तिला पाहिलं नव्हतं, मी एकदाच पाहिलं होतं, आणि मुलांना स्वतःबद्दलचं खोटं लगेच कळतं. तिसऱ्यांदा लिहिलं ते ठेवलं:

"तू एकदा पहिलीतल्या मुलाला तुझा चांगला पाव दिलास आणि त्याचा करपलेला पाव घेतलास. कुणाला सांगितले नाहीस. मी पाहिले होते. मी आता दुसऱ्या शाळेत शिकवायला जाते. तुझी आठवण माझ्यासोबत येते. — तुझी टीचर"

खालची सही सोडून मोजलंत तर तीस शब्दांच्या आत आहे. पत्र मिळाल्यावर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र येऊन म्हणाली, "टीचर, तुमी खंय आशिल्लीं?" म्हणजे मी तेव्हा कुठे उभी होते, तिला मी कशी दिसले नाही, हे तिला जाणून घ्यायचं होतं. मी तिला खांबाची जागा दाखवली.

या पत्राच्या भाषेकडे आता बघा, कारण इथे बऱ्याच जणी घसरतात. आपण बोलताना "सांगितलं", "पाहिलं" म्हणतो, मीही या सदरात तसंच लिहिते. मुलांच्या पाठ्यपुस्तकात मात्र "सांगितले", "पाहिले" असतं आणि त्यांच्या डोळ्यांना तीच सवय आहे. आपली पुष्कळ मुलं घरी कोंकणी बोलतात. मराठी त्यांना कानांइतकीच, किंवा त्याहून जास्त, पुस्तकातून भेटलेली असते. तेव्हा पत्रात पुस्तकातली रूपं वापरा. जोडाक्षरं कमीत कमी ठेवा. "उज्ज्वल भवितव्यासाठी हार्दिक शुभेच्छा" या चार शब्दांत तिसरीतलं मूल पहिल्याच शब्दावर अडतं, बोट तिथेच ठेवून बसतं आणि मग आईकडे कागद देतं. पत्र आईने वाचून दाखवलं की ते आईचं होतं. एक वाक्य एका ओळीत मावेल असं ठेवा. लिहून झालं की शेजारच्या एखाद्या तिसरीतल्या मुलाकडून, तुमच्या वर्गाबाहेरच्या, एक नमुना मोठ्याने वाचून घ्या. जिथे त्याचं बोट थांबेल तो शब्द बदला.

अपवाद एकच. मुलाने स्वतः बोललेला शब्द असेल तर तो जसाच्या तसा कोंकणीत लिहा. माझ्याकडे एक मुलगा होता, कुठलंही काम निघालं की माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी म्हणायचा, "हांव करतां, टीचर!" त्याच्या पत्राची पहिली ओळच ती होती. त्याचं मी मराठी केलं असतं तर तो त्याचा राहिला नसता.

तुमच्या वर्गात कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुलं असतील तर आणखी एक गोष्ट बघा. आईवडिलांना मराठी वाचता येत नाही, तेव्हा मूल पत्र वाचून घरच्या भाषेत सांगतं. "पाव दिलास, करपलेला घेतलास" हे कुठल्याही भाषेत सांगता येतं. "तुझा स्वभाव मनमिळाऊ आहे" हे आठ वर्षांच्या मुलाला आईला सांगता येणार नाही.

हाताने लिहा, बॉलपेनने. संगणकावरून छापून घेतलं तर ल आणि श पुष्कळदा हिंदी वळणाचे येतात. मुलांनी गिरवलेले देठाचा श आणि पाकळीचा ल वेगळे दिसतात, आणि नुकतं वाचायला लागलेलं मूल त्यावर थबकतं. शाईचं पेन किंवा जेलपेन नको. आपल्याकडच्या पावसाळी हवेत कागद दमट होतो आणि तशी शाई पसरते. बॉलपेनचं अक्षर टिकतं. नाव लिहिताना मूल वहीवर स्वतः जसं लिहितं तसंच लिहा. हजेरीपटावर कधीकधी वेगळं असतं, त्यातला ऱ्हस्व-दीर्घसुद्धा वेगळा असतो, आणि आपलं नाव चुकलेलं मुलं विसरत नाहीत.

तुमच्या २३ जणांत वाचता न येणारं एखाद-दुसरं मूल असेलच. त्याच्यासाठी तेच पत्र लहान करून भागत नाही. त्याला येणाऱ्या अक्षरांतून पत्र बांधावं लागतं. माझ्याकडच्या एका मुलाला चौथीतही साधी अक्षरं आणि काना-मात्राच जमत, जोडाक्षर आलं की तो कागद बाजूला सारायचा. तो मोर मात्र असा काढायचा की पिसाऱ्यातला प्रत्येक डोळा वेगळा. त्याने चित्रकलेच्या वहीतून फाडून दिलेला एक मोर माझ्याकडे होता. त्याला लिहिलं: "तुझा मोर मी जपून ठेवला. तो आता माझा पण मोर." एकही जोडाक्षर नाही. बाकीचं मी तोंडी सांगितलं, आणि तेही पत्रं वाटायच्या आदल्या दिवशी, तो एकटा असताना. पत्र त्याच्याकडून एकदा वाचूनही घेतलं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळे वाचत होते तेव्हा तोही वाचत होता. कागदावर ओळी कमी दिसू नयेत म्हणून त्याच्या पत्रात अक्षर मोठं काढलं आणि खाली एक पीस काढलं. हे महत्त्वाचं आहे, कारण मुलं ओळी मोजतात. तुमच्या लाडक्या मुलाला नऊ ओळी आणि चौदाव्या नंबरला चार असं झालं तर पत्रं वाटून पाच मिनिटं व्हायच्या आत सगळ्या वर्गाला ते समजेल. सगळ्यात जास्त सुचणाऱ्या मुलांची पत्रं आधी लिहा आणि त्यांतला मजकूर कापून इतरांएवढा करा.

काय लिहू नये याबद्दल थोडंच सांगते. सुधारणेचं कौतुक पत्रात नको. मी एका मुलाला प्रेमाने लिहिलं होतं, "आता तुझे अक्षर छान झाले." घरी त्याच्या मोठ्या भावाने ते वाचलं आणि म्हणाला, म्हणजे आधी घाण होतं. मूल ते पत्र दुसऱ्या दिवशी मला परत द्यायला घेऊन आलं होतं. मारामारी करणाऱ्या मुलाला शेवटचा उपदेश नको. त्याला वर्षभर तोच मिळालेला आहे. त्याच्यासाठीही डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्टच शोधा, ती असतेच. आणि "मी तुम्हांला भेटायला येईन" हे वाक्य, तारीख ठरलेली नसेल तर, लिहू नका. मुलं वाट बघतात. फाटकापाशी उभी राहून बघतात.

आता ओवळाचं. बाटल्या नकोत हे मला लगेच म्हणावंसं वाटलं. खर्च तुमचा तुम्ही ठरवाल, पण बाटली दिली की पत्र हे बाटलीचं वेष्टण होतं. शिवाय तुमच्या जागी येणाऱ्या शिक्षकाकडून पुढच्या वर्षी काय मिळणार, असा हिशेब पालकांच्या मनात सुरू होतो. अंगणातलं झाड या दोन्हींतून सोडवतं. ही मुलं त्याच झाडाखाली खेळली आहेत, ते झाड तुमच्यासोबत बदलून जात नाही, आणि ओवळाच्या फुलाचा वास ते सुकल्यावरही कित्येक महिने जात नाही. मोगरा, जाई, अबोली यांची आठवण म्हणून काही देता येत नाही, ओवळाची देता येते.

फुलं पहाटे गळतात. ती झाडावरून तोडायची नाहीत, खाली पडलेली वेचायची, दव वाळल्यावर आणि मुलांचे पाय पडायच्या आधी. गळलेल्या फुलाच्या मधोमध आपोआप भोक पडलेलं असतं, त्यामुळे सुई लागत नाही. दोऱ्याच्या टोकाला थोडं मेण किंवा साबण लावून पिळलं की पुरतं. मुलांना हे शिकवायची गरज नाही, त्यांच्या आज्यांनी शिकवलेलं असतं. केळीच्या सोपाचा दोरा आपल्याकडे नेहमीचा, पण तो वाळल्यावर तडकतो. ठेवायच्या माळेला साधा सुती दोरा घ्या. एका माळेला वीस-पंचवीस फुलं, साधारण तुमच्या बोटाएवढी लांब. म्हणजे २३ मुलांना सहाशेच्या आसपास फुलं लागतील. भरात आलेल्या झाडाखाली तेवढी तीन-चार सकाळींत सहज मिळतात. या वर्षी झाड कमी फुललं असेल तर सात-सात फुलांची माळ करा, पण सगळ्यांची सातच करा.

माळेची दोन्ही टोकं बांधून लहान कडं करायचं. सरळ माळ ठेवली तर ती वेणी वाटते आणि मुलगे घ्यायला लाजतात. कडं पुस्तकात, दप्तरात, खिळ्याला कुठेही राहतं. पहिली गाठ सैल मारा. फुलं वाळताना आक्रसतात आणि दोरा मोकळा पडतो, तेव्हा फुलं जवळ सरकवून दुसरी गाठ घट्ट मारायची. वाळवायला घरात वर्तमानपत्रावर पसरा, पंख्याखाली, एकमेकांना न चिकटवता. उन्हात ठेवली तर फुलं कुरकुरीत होऊन चुरतात आणि वासही उडतो. एप्रिलच्या हवेत तीन दिवस लागतात, मळभ असेल तर पाच. झाली की नाही हे असं ओळखायचं: पांढरट रंग जाऊन तपकिरी आलेला असतो आणि एक फूल दोन बोटांत हलकं दाबलं की बारीक कर्र असा आवाज येतो. आवाज न येता नुसतं वाकलं तर अजून ओलं आहे. ओली माळ पाकिटात घातली तर आठवड्याभरात करडी बुरशी धरते आणि पत्रावर तपकिरी डाग पडतात. माझी पाच पाकिटं अशी गेली आहेत, आणि ती पत्रं मला नव्याने लिहावी लागली.

पाकीट साध्या कागदाचं, प्लॅस्टिकचं नको. प्लॅस्टिकमध्ये आतल्या आत घाम धरतो. पत्राचं जाडसर कार्ड मधोमध दुमडा, मजकूर आत ठेवा, माळ कार्डाच्या बाहेरच्या बाजूला येऊ द्या. पाकिटावर नाव, इयत्ता आणि वर्ष एवढंच घाला. कुंकू, अक्षता, देवाचं चित्र असं काही बरोबर घालू नका. ओवळाची फुलं देवळात चढतात हे खरं, पण वर्गात सगळ्या घरांतली मुलं आहेत आणि झाड शाळेचं आहे. मुलांना तोंडी एक सांगून ठेवा: पावसात माळ दमट लागली तर कोरड्या उन्हाच्या दिवशी ताटलीत घालून अर्धा तास दाराशी ठेवायची.

झाड फुललंच नाही तर ओवळाच्या बिया चालतील, तपकिरी, चपट्या, चकचकीत. बिया वेचताना एक सांभाळा. बऱ्याच जणींना लाल-काळ्या गुंजांचा मोह होतो, दिसतात सुंदर आणि आपल्याकडच्या कुंपणांवर सहज मिळतात. गुंज विषारी असते. अखंड गिळली तर बहुतेकदा तशीच बाहेर पडते, पण चावली किंवा ओवायला भोक पाडलं की आतलं विष मोकळं होतं, आणि लहान मुलाला थोडंही घातक ठरू शकतं. घरात धाकटी भावंडं असतात. गुंज नको म्हणजे नकोच.

पाकिटं केव्हा द्यायची? निकालाच्या दिवशी देऊ नका. त्या दिवशी पालक येतात, गुण विचारले जातात, आणि तुमचं पत्र गुणपत्रकाच्या आत घडी होऊन जातं. दोन दिवस आधी, माध्यान्ह आहारानंतर द्या. म्हणजे मुलाला दुसऱ्या दिवशी येऊन काही विचारता येतं, जसं त्या मुलीने मला विचारलं. त्याच्याही आधी, निदान आठवडाभर, तुम्ही जाणार हे तोंडी सांगा. पत्रातून ही बातमी पहिल्यांदा कळू नये. सांगताना "बदली" शब्द समजावून द्या. सरकार शिक्षकांना एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पाठवतं, माझी पाळी आली, तुमच्या दंग्यामुळे मी जात नाही. हे शेवटचं वाक्य मोठ्याने म्हणा. कुणी ना कुणी मूल मनात तेच धरून बसलेलं असतं, आणि बहुधा ज्याने आदल्या आठवड्यात ओरडा खाल्ला ते.

मुलांना पुढे बोलावून पाकीट देऊ नका, त्याचा बक्षीस समारंभ होतो. तुम्ही बाकांमधून जा, पाकीट हातात द्या, नाव घ्या. सगळ्यांना मिळाल्यावर दहा मिनिटं वर्ग तसाच राहू द्या. ती आपलं वाचतील, मग शेजाऱ्याचं वाचतील. वाचू द्या. मोठ्याने वाचायला मात्र कुणाला सांगू नका, आणि पत्रांचे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकू नका.

माळा २५ करा आणि कोरी कार्डं दोन जास्त ठेवा. एखादी माळ तुटते, आणि शाळा सोडून गेलेलं एखादं मूल अचानक भेटायला येतं. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची पाकिटं भावंडाच्या हाती देऊ नका. वरची बाजू चिकटवून तुमच्या सहशिक्षिकेकडे ठेवा, तिला प्रत्येक मुलाचं नाव सांगा आणि मूल शाळेत येईल त्या सकाळी, प्रार्थनेच्या आधी, त्याच्या हातात द्यायला सांगा. ओवळ आत्ता फुलू लागलं असेल तर वेचायला उद्या सकाळीच सुरुवात करा, आणि ते गोल केलेले दोन नंबरही उद्याच घ्या.